कार्यशाळा घ्याल, पण मानधन किती?

परिषदेत किंवा अधिवेशनात सत्र मिळावं म्हणून पाठवलेला प्रस्ताव वाचला जातो तेव्हा तो लिहिणारा तिथे नसतो. आयोजन समितीतला कोणीतरी एक जण तो प्रस्ताव उचलून धरतो आणि बाकीचे शंका काढतात. कार्यक्रम ठरवणारे विचारतात, ‘यातून लोकांना मिळणार काय?’ सभागृहाची व्यवस्था बघणारा विचारतो, ‘यांना काय काय लागेल?’ आणि तोवर गप्प बसलेले खजिनदार विचारतात, ‘घेणार किती?’ उचलून धरणाऱ्याच्या हातातल्या कागदावर ही उत्तरं नसली की तो ‘फोन करून सांगतो’ म्हणतो. तेवढ्यात पुढचा प्रस्ताव उघडला जातो.

मराठी वक्त्यांचे प्रस्ताव बहुधा या तीन प्रश्नांवरच अडतात. विषयाचं नाव भारदस्त असतं, परिचय दीड पानांचा असतो, त्यात पदव्या, पुरस्कार आणि मान्यवरांसोबत झालेले कार्यक्रम असतात. सत्राबद्दल मात्र ‘सखोल मार्गदर्शन करण्यात येईल’ एवढंच. मानधनाच्या जागी ‘आपल्या सोयीने’ किंवा ‘समजून द्यावे’. शाल, श्रीफळ आणि पाकीट ही आपली जुनी पद्धत आहे. पाकिटात काय आहे हे घरी जाऊन पाहायचं, त्यावर आपसात कुरकुर करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा ‘समजून द्यावे’ असंच लिहायचं, हीसुद्धा पद्धतच झाली आहे. वक्त्याला तो विनय वाटतो. खजिनदाराला ती डोकेदुखी असते, कारण त्याला अंदाजपत्रकात आकडा लिहायचा असतो आणि ‘सोय’ हा आकडा नव्हे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका कल्पित पण अगदी शक्य अशा उदाहरणातून पाहू. पुण्यात कागदाचं संवर्धन करणाऱ्या एक बाई आहेत. जुनी पुस्तकं, दप्तरं, पोथ्या यांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. कोकणातल्या ग्रंथपालांच्या एका अधिवेशनात त्यांना कार्यशाळा घ्यायची आहे. विषय हवेतला नाही. जुलै २०२१च्या पुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेलं आणि १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुस्तकांचंही मोठं नुकसान झालं. त्याआधी २००५च्या पुराचा तडाखाही या शहराने सोसला होता. नदीकाठच्या ग्रंथपालाला हा विषय पटवून द्यावा लागत नाही. तरीही बाईंचा पहिला मसुदा असा होता:

‘ग्रंथसंवर्धन : काळाची गरज. या सत्रात ग्रंथांचे महत्त्व, त्यांच्या ऱ्हासाची कारणे व संवर्धनाच्या विविध पद्धतींविषयी सखोल माहिती देण्यात येईल. वेळ : आयोजकांच्या सोयीनुसार. मानधन : आपण ठरवाल ते.’

यात खोटं काही नाही. पण हा मजकूर भुसावळच्या महाविद्यालयालाही चालेल आणि नागपूरच्या एखाद्या संग्रहालयालाही, म्हणजेच तो कोणालाच उद्देशून नाही. समितीत याची बाजू घेणाऱ्याच्या हाती त्यातून एकही मुद्दा लागत नाही.

प्रस्तावाच्या नव्या खर्ड्यात बाईंनी सुरुवात शेवटापासून केली. दीड तास संपल्यावर दाराबाहेर पडणाऱ्या ग्रंथपालाला असं काय करता येईल, जे आत येताना येत नव्हतं? अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली शिकवण्याची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांनी उद्दिष्टाच्या वाक्यात तीन गोष्टी मागितल्या : शिकणारा नेमकं काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि ते पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘माहिती मिळेल’ ही क्रियापदं या चाळणीतून खाली गळून पडतात, कारण समजलं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. ‘वेगळं करेल’, ‘बांधेल’, ‘भरेल’, ‘मोजेल’ अशी क्रियापदं मात्र टिकतात.

बाईंचा विषय या कसोटीला चांगला उतरतो. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांनंतर बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तर थांबायला सवडच नसते. त्यामुळे पूर ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, हाच कार्यशाळेचा गाभा झाला. गुळगुळीत, चकचकीत कागदाचं मासिक ओलं असेपर्यंतच पानं सुटी करून घ्यावी लागतं. एकदा वाळून ती चिकटली की बहुधा सुटत नाहीत. चिखलाने माखलेलं पुस्तक उघडून पुसायचं नसतं. ते घट्ट मिटलेलं धरून स्वच्छ पाण्यात हळूच विसळायचं असतं, कारण उघडलं तर चिखल पानांत शिरतो. थोडं भिजलेलं पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी पसरून वाऱ्यावर वाळवता येतं. पण शेकडो पुस्तकं चिंब झाली असतील तर सगळी एकदम वाळवणं माणसांच्या हातचं नसतं. मग ती गोठवून वेळ विकत घ्यावा लागतो. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत मासळीसाठी शीतगृहं असतात. तिथलं उणे १८ अंशांच्या आसपासचं तापमान पुस्तकांसाठीही कामाचं आहे, फक्त त्याची बोलणी पूर येण्याआधी व्हायला हवीत.

हे सगळं प्रस्तावात ओतण्याचा मोह बाईंना झाला असणार. तज्ज्ञ माणसं इथेच घसरतात. जे जे माहीत आहे ते ते लिहितात, आणि श्रोत्याच्या पदरात नेमकं काय पडणार ते बाजूलाच राहतं. शेवटी बाईंनी एवढंच लिहिलं:

‘पुरात भिजलेली पुस्तकं : पहिले ४८ तास. ही कार्यशाळा छोट्या सार्वजनिक ग्रंथालयांतल्या ग्रंथपालांसाठी आहे. संवर्धनाचं पूर्वशिक्षण लागत नाही. दीड तासानंतर प्रत्येक सहभागी (१) भिजलेल्या पुस्तकांचे वाळवायची, गोठवायची आणि सोडून द्यायची असे तीन ढीग लावेल. (२) एक भिजलेलं पुस्तक स्वतःच्या हाताने टीपकागद घालून वाळायला लावेल. (३) आपल्या ग्रंथालयाचा एक पानाचा पूरआराखडा भरून घरी नेईल. त्यात जवळच्या शीतगृहाचा फोन क्रमांक लिहायला जागा असेल.’

तिसऱ्या मुद्द्यातली चतुराई सहज लक्षात येत नाही. भरलेला आराखडा ही हातात धरता येणारी वस्तू आहे. अधिवेशनाच्या अहवालात आयोजकांना लिहिता येतं की इतक्या ग्रंथालयांचे पूरआराखडे तयार झाले. ज्या संस्था अनुदानावर किंवा देणग्यांवर अधिवेशन भरवतात, त्यांना असं एखादं वाक्य दहा छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतं. ‘पूर्वशिक्षण लागत नाही’ हे छोटं वाक्यही महत्त्वाचं. संगणकक्षेत्रातल्या परिषदांनी ही शिस्त आधीच लावून घेतली आहे. २०११ साली पुण्यात भरलेली पायकॉन इंडिया ही पायथन या संगणकभाषेची देशपातळीवरची परिषद. तिच्यासाठी प्रस्ताव पाठवताना श्रोता नवशिका, मध्यम की सराईत, आणि त्याला आधीपासून काय येत असायला हवं, हे वेगळं सांगावं लागतं. चुकीचा श्रोता खोलीत बसला की चांगलं सत्रही पडतं, हे त्या आयोजकांना अनुभवाने कळलेलं आहे.

आता स्वरूप. ‘कार्यशाळा’ या शब्दाखाली आपल्याकडे काहीही खपतं. दोनशे लोकांपुढे केलेलं भाषण आणि शेवटची पाच मिनिटं प्रश्नोत्तरं, यालाही कार्यशाळाच म्हणतात. आयोजकाच्या दृष्टीने मात्र भाषण आणि कार्यशाळा या पूर्णपणे वेगळ्या खोल्या आहेत. भाषणाला रांगेत खुर्च्या, एक ध्वनिक्षेपक आणि पडदा पुरतो, आणि पन्नासांऐवजी दीडशे आले तरी फारसं बिघडत नाही. कार्यशाळेला टेबलं लागतात, हातात साहित्य लागतं, आणि माणसं वाढली की ती मोडते. म्हणून प्रस्तावात संख्येची वरची मर्यादा लिहायलाच हवी. ती लिहिल्याने आपण आढ्यताखोर दिसू, ही भीती निराधार आहे. मर्यादा लिहिणारा माणूस हे काम आधी केलेला आहे, असंच समिती समजते.

बाईंनी लिहिलं : कमाल ३० सहभागी, पाच-पाच जणांची सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर तीन नग : साध्या कागदाचं एक पुस्तक, चकचकीत कागदाचं एक मासिक आणि मुद्दाम चिखलात बुडवलेलं एक पुस्तक. हे अठरा नग रद्दीच्या दुकानातून आणले जातील, ग्रंथालयाच्या पुस्तकाला हात लावला जाणार नाही. पाणी आणि टब लागतील. त्यापुढे सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाचे मन जिंकणारं एक वाक्य : ‘खोलीत गालिचा नसावा, नळ जवळ असावा, आणि जमलं तर ही खोली तळमजल्यावर द्यावी.’ हे वाक्य न लिहिता बाई आल्या असत्या, तर वातानुकूलित सभागृहाच्या गालिच्यावर चिखलाचे टब मांडायची वेळ आली असती आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाने सत्र तिथेच थांबवलं असतं.

वेळेचा हिशोब मिनिटांत द्यावा. सुरुवात आणि पुराचं गणित १० मिनिटं, ढीग लावणं २०, हातांनी काम ४०, आराखडा भरणं १५, प्रश्न ५. बेरीज नव्वद. असा तक्ता पाहिला की समितीला दोन गोष्टी कळतात. वेळेचा मोठा भाग सहभागींच्या हातात आहे, आणि बाई वेळेत संपवतील. त्याखाली एक ओळ जोडलेली बरी : सत्र उशिरा सुरू झालं तर साठ मिनिटांत काय वगळायचं. उद्घाटनाची भाषणं लांबतात, पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलनाला वाऱ्याशी झगडावं लागतं, आणि त्याची भरपाई दुपारच्या सत्रांतून होते, हे महाराष्ट्रात अधिवेशन भरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बाईंचा साठ मिनिटांचा पर्याय असा : ढीग लावणं १५, काम ३०, आराखडा १०, सुरुवातीला ५, आणि प्रश्न चहाच्या वेळी.

मग येतो तो भाग, जो लिहिताना मराठी माणसाचा हात थबकतो.

रकमेआधी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे ही परिषद कोणत्या जातीची आहे. शैक्षणिक परिषदेत निबंध वाचणाऱ्याला मानधन नसतं, उलट तोच नोंदणी शुल्क भरतो. तिथे मानधन मागणं म्हणजे रीत न कळल्याची कबुली. टेड परिषद वक्त्यांना मानधन देत नाही, प्रवास आणि निवासाचा खर्च मात्र उचलते. अमेरिकेतल्या पायकॉनची रीत आणखी वेगळी. तिथे वर्षानुवर्षं व्याख्यान देणाऱ्यांनीही तिकीट काढावं असा दंडक राहिला आहे, तर तीन तासांच्या शिकवणी सत्रांना सहभागी वेगळी फी भरतात आणि शिकवणाऱ्यांना मोबदला मिळतो. गोव्यात २०१० पासून भरणाऱ्या नलकॉन या संगणक-सुरक्षेच्या परिषदेतही व्याख्यानं वेगळी आणि वेगळी फी असलेली प्रशिक्षणं वेगळी. म्हणजे ज्या सत्राचं स्वतंत्र तिकीट विकलं जातं, तिथे पैसे असतात. सगळ्यांना एकाच नोंदणीत बसवणाऱ्या सत्राला ते कमी असतात. अनुदानावरच्या कार्यक्रमात मानधनाचा दर कित्येकदा वरून ठरलेला येतो. तिथे घासाघीस करून समितीला अडचणीत टाकण्यापेक्षा दर आधी विचारून घ्यावा. आणि ‘आपली वक्ता म्हणून निवड झाली आहे, फक्त एवढी रक्कम भरा’ अशी न मागता पत्रं येतात. तिथे श्रोते कोण, मागच्या वर्षीचा कार्यक्रम कुठे पाहायला मिळेल, हे विचारल्यावर उत्तर येत नसेल तर पत्र बाजूला ठेवावं.

बाईंचं अधिवेशन मानधन देणाऱ्यांपैकी आहे असं धरू. रक्कम ठरवताना त्यांनी मानधन आणि खर्च वेगळे मांडले. उदाहरणादाखल आकडे असे : मानधन १२,००० रुपये, त्यात तयारी, दीड तासाचं सत्र आणि आराखड्याचा नमुना आला. टीपकागद, हातमोजे, टब, रद्दीची पुस्तकं असं साहित्य माणशी २५० रुपये, म्हणजे तीस जणांचे ७,५००. एका सहायकाचे ३,०००. एकूण २२,५००. पुणे ते चिपळूण दोघांचा प्रवास आणि एका रात्रीची राहण्याची सोय आयोजकांनी करावी. शेवटी एक भागाकार, जो सहसा कोणी करत नाही : माणशी ७५० रुपये. खजिनदाराच्या कामाचा आकडा हाच. अधिवेशनाची नोंदणी पाचशे रुपये असेल तर त्याला लगेच दिसतं की ही कार्यशाळा नोंदणीत बसणार नाही. वेगळं शुल्क लावावं लागेल किंवा एखाद्या बँकेला प्रायोजक म्हणून गाठावं लागेल. नुसता २२,५०० हा आकडा मोठा वाटतो. फोड केली की तो तपासता येतो.

आणि परवडत नसेल तर? इथे बहुतेक जण मानधनातून कापतात, बाकी सगळं तसंच ठेवतात. मग आधीचा आकडा फुगवलेला होता, असं समोरच्याला वाटून जातं. बाईंनी दुसरा पर्याय त्याच कागदावर दिला : चाळीस मिनिटांचं प्रात्यक्षिक-व्याख्यान. एका टेबलावर बाई स्वतः तीन नग हाताळतील, कॅमेऱ्याने ते पडद्यावर दिसेल, श्रोते कितीही चालतील, सहायक आणि साहित्य नाही. मानधन ५,०००. पण त्यासोबत हेही लिहिलं की या पर्यायात श्रोते पुस्तकं हाताळणार नाहीत, म्हणून पहिल्या दोन फलितांची हमी नाही. आराखड्याचा नमुना मात्र सर्वांना मिळेल. रक्कम कमी झाली, तसं कामही कमी झालं, आणि काय कमी झालं ते उघड आहे. दोन पर्याय पुरेत. चार दिले तर समिती त्यांतला सर्वांत स्वस्त पर्याय निवडते आणि त्याकडून महागाची अपेक्षा ठेवते.

कराच्या दोन ओळी टाळू नयेत, कारण पैसे हातात येताना वाद तिथेच होतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नसते. नोंदणी असेल तर १८ टक्के वरून लागतील की रकमेतच धरलेत, हे लिहावं. व्यावसायिक शुल्कावर संस्था १० टक्के टीडीएस कापू शकते. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात एकाच संस्थेकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली तर लागू होते. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. १२,००० रुपयांसाठी हे अवजड वाटेल, पण वर्षात त्याच संस्थेकडे चार-पाच सत्रं झाली की आकडा तिथवर पोचतो. ध्वनिचित्रमुद्रणाचं काय, तेही इथेच लिहावं. ते संस्थेच्या सभासदांपुरतं की सर्वांसाठी खुलं, हा पैशाचा प्रश्न नाही असं वाटतं, पण पुढच्या जिल्ह्यात तीच कार्यशाळा विकताना तो पैशाचाच होतो.

एवढं सगळं किती जागेत बसवायचं? दोन पानं. पहिल्या पानावर शीर्षक, श्रोते, फलितं आणि वेळेचा तक्ता, दुसऱ्यावर खोलीची गरज, रक्कम, दोन ओळींत कर आणि सर्वांत शेवटी पाच ओळींचा परिचय. परिचयात या विषयाशी जोडलेलं तेवढंच : कोणत्या संग्रहावर काम केलं, आधी अशी कार्यशाळा कुठे घेतली. आधी घेतली नसेल तर तसं लिहून एखाद्या ग्रंथालयात दहा जणांबरोबर चाचणी घ्यावी आणि तिचं एक छायाचित्र जोडावं. काही परिषदा पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव झाकून प्रस्ताव वाचतात. तिथे पुरस्कारांची यादी कोणी बघतच नाही, फक्त पहिलं पान बघतात.

प्रस्ताव मंजूर झाला की काम संपलं, असं धरू नये. निवडीचा फोन येतो तो बहुधा उत्साहाने भरलेला असतो, ‘बाकीचं आपण बघून घेऊ’ असं बोलणं होतं, आणि दीड महिन्याने समितीतला तो माणूस बदललेला असतो. म्हणून त्याच दिवशी एक छोटा ई-मेल पाठवावा : तारीख, वेळ, खोली, सहभागींची मर्यादा, मानधनाची रक्कम, पैसे सत्रानंतर किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात, अधिवेशन पुढे ढकललं तर साहित्याचा झालेला खर्च कोण देणार. पावसाळ्यात कोकणात कार्यक्रम असेल तर हा शेवटचा मुद्दा कागदावर असायलाच हवा. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी या ई-मेलला ‘मान्य’ असं लेखी उत्तर मागून घ्या. आलं नाही, तर खजिनदारांना थेट फोन करा.